२०० तासांचे प्रमाणपत्र जिममध्ये कुठवर चालते?

प्रश्न : नाशिकमध्ये २०० तासांचा योगशिक्षक अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. पुढील वर्षी कामाच्या परवान्यासह न्यू जर्सीला जात आहे. तिथल्या जिममध्ये योगवर्ग आणि पर्सनल ट्रेनिंग दोन्ही करायचे आहे. ५०० तासांपर्यंत शिकावे की फिटनेस ट्रेनरची परीक्षा द्यावी?

उत्तर : आधी परीक्षा द्यावी. तासांचा हिशेब योगाच्या क्षेत्रापुरताच चालतो. अमेरिकेतील योगा अलायन्स ही संस्था परीक्षा घेत नाही. तिच्याकडे नोंदलेल्या शाळेतून तास पूर्ण केलेल्या शिक्षकांची ती केवळ नोंद ठेवते. त्यामुळे तुम्ही शिकलात तेव्हा तुमची शाळा तिथे नोंदलेली होती का, हे तिच्या यादीत आजच पाहून घ्या. नसेल, तर तुमचे २०० तास त्या नोंदणीसाठी धरले जाणार नाहीत. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा आपल्याकडे उपयोगी पडते, पण न्यू जर्सीतील जिमचा व्यवस्थापक ती ओळखेलच असे नाही.

पर्सनल ट्रेनरच्या जागेसाठी तिथले बरेच जिम एनसीसीए या प्रमाणपत्रे तपासून मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची मान्यता असलेले प्रमाणपत्र मागतात. एसीई आणि एनएएसएम या संस्थांची ट्रेनर प्रमाणपत्रे त्यात बसतात. एसीईच्या परीक्षेत तीन तासांत १५० प्रश्न सोडवायचे असतात. वर्गात बसण्याच्या तासांची अट नाही, मात्र वय किमान १८ हवे आणि हृदय बंद पडल्यास करायच्या तातडीच्या उपचाराचे, म्हणजे सीपीआर-एईडीचे, प्रमाणपत्र लागते. ते केवळ ऑनलाइन शिकून मिळवलेले चालत नाही, पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव केलेला असावा लागतो. अनेकांचा अर्ज इथेच अडतो.

विम्याकडे नीट लक्ष द्या. जिमने पगारी नोकरीवर घेतले, तर नोकरीतील कामाला सहसा जिमच्याच विम्याचे संरक्षण असते. कंत्राटी तत्त्वावर घेतले, तर व्यावसायिक दायित्वाचा विमा तुम्हालाच आणावा लागतो आणि त्यात जिमचे नावही घालून मागतात. विमा कंपनीला तासांइतकेच महत्त्व पॉलिसीत कोणते काम लिहिले आहे याला असते. समजा, पॉलिसीत फक्त ‘योग शिकवणे’ लिहिले आहे, सूर्यनमस्कारांनंतर तुम्ही एकाच्या हातात डंबेल्स दिले आणि त्याचा खांदा दुखावला, तर दावा फेटाळला जाऊ शकतो, मग तुमच्याकडे २०० तास असोत वा ५००. म्हणून दोन्ही कामे पॉलिसीत स्वतंत्रपणे लिहून घ्यावीत. ट्रेनिंगचे काम लिहिताना त्याचे प्रमाणपत्र मागितले जाते.

योगवर्गासाठी मात्र तुमचे २०० तास बहुतेक जिममध्ये पुरतात. ५०० तासांचा विचार योगस्टुडिओत शिकवायचे ठरले तर करावा. तूर्त शाळेची नोंद तपासून एसीईचा अभ्यास सुरू करा आणि सीपीआरचा वर्ग परीक्षेच्या तारखेआधी उरकून घ्या.