पगाराच्या खात्याला फोन जोडू नको

परभणी, मे महिना

चि. लेकरा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा लग्नात पंगतीत माझ्या शेजारी बसून तू हळूच म्हणालास, "काका, सात तारखेला पगार येतो अन् वीस तारखेला मित्राकडं हात पसरावा लागतो. माझ्या मनालाच वळण नाही." ते ऐकल्यापासून डोक्यातून जात नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

दोष तुझ्या मनाचा नाही, हे आधी सांगतो. मी चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलो. "महिन्याच्या शेवटी उरेल ते टाकू" म्हणणाऱ्यांच्या खात्यात शेवटी काही उरलेलं मी क्वचितच पाहिलं, आणि त्यात माझ्याहून हुशार, काटकसरी माणसंही होती. उलट ज्यांचे पैसे हातात पडण्याआधीच कापले जायचे, त्यांची शिल्लक वाढत गेली. तुझी स्वतःची पगाराची चिठ्ठी काढ. त्यात पीएफची ओळ आहे. त्या पैशांची आठवण होऊन कधी हात आखडला का? नाही, कारण ते तुला दिसलेच नाहीत. बाकीच्या पगाराचंही असंच करायचं.

सगळे सांगतात, पगार झाला की थोडे पैसे दुसऱ्या खात्यात बाजूला काढ. सल्ला बरोबर आहे, पण तुझ्यासाठी मी तो उलटा फिरवतो. बचत बाजूला पाठवू नकोस, खर्च बाजूला पाठव. पगाराचं खातं हेच बचतीचं खातं समज. त्याला फोनवरचं यूपीआय जोडलेलं नको आणि त्याचं कार्ड आईजवळ ठेवायला दे. खर्चासाठी तुझं गावाकडच्या शाखेतलं जुनं खातं वापर, शिष्यवृत्ती यायची ते. दोन वर्षं त्यात तू काही व्यवहार केला नसशील तर ते निष्क्रिय झालं असेल. आधार, पॅन घेऊन एकदा शाखेत जा, केवायसी नव्याने करून घे आणि आत्ताचा मोबाईल नंबर नोंदव. फोनवरून पैसे द्यायचे ते फक्त याच खात्यातून.

तू सांगितलेल्या आकड्यांवरच मांडून दाखवतो. हातात येतात 24,600. त्यातले 5,000 आईच्या खात्यात जातात आणि 10 तारखेला गाडीचा हप्ता 2,850. खोली 3,000, मेस 3,200, पेट्रोल 1,800, मोबाईल 350, हे झाले 8,350. चहापाणी, कपडे, औषध आणि गावी यायचं तिकीट यांना आणखी 4,150 धर. म्हणजे महिन्याचा खर्च 12,500. एवढेच पैसे खर्चाच्या खात्यात जायला हवेत, पण एका दमात नाही. 8 तारखेला 6,500 आणि 22 तारखेला 6,000. तुझी अडचण विसाव्या तारखेची आहे ना, मग बाविसावी तारीख ठरलेली असली की निदान मागायचं कारण उरत नाही.

पगाराच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत अर्ज करून "स्टँडिंग इन्स्ट्रक्शन" म्हणजे कायमची सूचना देता येते: कुठल्या तारखेला, किती, कुणाच्या खात्यात, कधीपर्यंत. अशा तीन सूचना टाक. एक आईची, दोन खर्चाच्या. आणि त्याच बँकेत 2,000 रुपयांची बारा महिन्यांची आरडी काढ, तिचा हप्ता दर 9 तारखेला आपोआप कापला जाईल असं सांग. सगळं वजा जाता त्या खात्यात दरमहा 2,250 पडून राहतात. ते असेच राहू दे, ते बिनकामाचे नाहीत.

कशासाठी ते सांगतो. गेल्या सहा महिन्यांचं पासबुक उघडून पगार नेमका कधी जमा झाला ते बघ. बहुतेक सातलाच असेल, पण एखाद्या महिन्यात दहा-बारा झालेली दिसेल. तेव्हा खातं रिकामं असलं तर गाडीचा हप्ता परत जातो, त्याचा दंड बँकही घेते आणि कर्ज देणारेही घेतात. पडून राहणाऱ्या पैशांनी तीन महिन्यांत सहा-सात हजारांचा आधार तयार होतो. मग पगार चार दिवस लांबला, तर आईची आणि 8 तारखेची खर्चाची सूचना तेवढी पगार येईपर्यंत थांबव, म्हणजे हप्ता आणि आरडी दोन्ही निघतात. पहिले दोन महिने मात्र दर 8 आणि 9 तारखेला बँकेचा मेसेज आला का, हे स्वतः बघ. नाही आला तर त्याच दिवशी बँकेत विचार.

आरडी आत्ताच, मे महिन्यातच काढ असं म्हणतो, त्याला कारण आहे. पुढच्या मे महिन्यात तिची मुदत संपेल, म्हणजे मृग लागण्याआधी. दर जूनमध्ये बाबा खत-बियाण्यासाठी शेकडा तीनने पैसे उचलतात, हे तूच मला सांगितलंस. 24,000 उचलले तर महिन्याला 720 व्याज. सोयाबीन विकून नोव्हेंबर-डिसेंबरात परत करेपर्यंत सहा महिन्यांचे 4,320 होतात. आरडीवर साडेसहा टक्के धरले तर वर्षाला जेमतेम साडेआठशे मिळतील, ते थोडेच वाटतील. पण तुझी आरडी बाबांचं ते सव्वाचार हजारांचं व्याज वाचवते. आणि जुनं उचललेलं काही आज डोक्यावर असेल तर आरडी थांबव, आधी ते 2,000 दरमहा तिकडं फेड. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, कुठलीच ठेव त्याला पुरी पडत नाही.

दोन टक्के जास्त देते म्हणून गावातल्या पतसंस्थेत आरडी काढू नकोस. मी स्वतः एका पतसंस्थेत काढली होती. ती बुडाली आणि माझ्या मोठीच्या शिक्षणाचे पैसे अडकले. बँकेतल्या ठेवींना एका ठेवीदारामागे एका बँकेत 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकांनाही असतो. पतसंस्थेला तो नसतो. तेव्हा मला हे माहीत असूनही मी व्याजाकडं बघितलं, ही गोष्ट आजही खुपते.

आकडा चुकलाय हे कसं कळेल? तीन महिन्यांत दोनदा पगाराच्या खात्यातून मागे पैसे ओढावे लागले, तर 12,500 कमी पडतात. मग आरडी मोडू नकोस, खर्चाची सूचना हजाराने वाढव. पडून राहणारे तेवढे कमी होतील, चालेल. पगार वाढला तर मात्र खर्चाच्या सूचनेला सहा महिने हात लावू नकोस. सगळी वाढ आपोआप मागे राहील. ओव्हरटाइमही तसाच राहील. माझ्या मते या उलट्या मांडणीचा हाच मोठा फायदा आहे.

नोकरी बदललीस तर जुनं पगाराचं खातं साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक ठेवावी लागू शकते. त्यामुळे नवा पगार दुसऱ्या खात्यात येऊ लागला की तीनही सूचना आणि आरडीचा हप्ता त्याच आठवड्यात तिकडं हलव.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शाखा बंद असते, तेव्हा गावी यायचा दिवस त्याप्रमाणे ठरव. येताना आधी माझ्याकडं उतर, दोघं मिळून अर्ज भरू. काकू म्हणते, धपाटे करून ठेवते.

तुझा,
काका