शेठना अर्ज आणि पोर्टलवरची रजा
रजेसाठी पोर्टलवर भरलेला मजकूर शेठना अर्ज म्हणून जसाच्या तसा पाठवू नकोस. नवीन मुलं हीच चूक करतात. पोर्टलला रजेचा प्रकार, तारखा आणि एक ओळ पुरते: ‘बहिणीचे लग्न, १२ ते १४, काम सहकाऱ्याकडे सोपवले आहे.’ तिथे ‘आदरणीय’ वगैरे नको.

शेठकडे आधी तोंडी विचार, मग कागद दे. ‘मी रजेवर आहे’ असं लिहिलंस की परस्पर ठरवल्यासारखं वाटतं. त्याऐवजी लिही:

‘मा. शेठ, सा. न. वि. वि. दि. १२ ते १४ बहिणीचे लग्न आहे. तीन दिवसांची रजा मिळावी, ही विनंती. वसुलीची वही भाऊंकडे दिली आहे. १५ला सकाळी हजर होईन.’

शेठ वहीची ओळ आधी वाचतात. रजेचं कारण मात्र खरं तेच लिही. लग्नाला कदाचित तेही येतील!