ठोक आणि चिल्लर: एकाच तिखटाचे दोन भाव

प्रश्न: आमचा बचत गट उमरेड भागात मिरचीचं तिखट करतो. २०० ग्रॅमच्या पाकिटावर १०० रुपये छापलेत. किराणावाल्यांना ८० ला देतो, आठवडी बाजारात स्वतः ८५ ला विकतो. दुकानदार म्हणतात माल परत न्या, गिऱ्हाईक म्हणतात आम्हालाही ८० लावा. दुकानदाराचा भाव उतरवावा का?

ताई, दुकानदाराचे ८० राहू द्या. बंद करायचे आहेत ते बाजारातले ८५.

तुमची वही माझ्यासमोर नाही, म्हणून अंदाजाचे आकडे धरते. तुमचे घालून पाहा. २०० रुपये किलोची दहा किलो मिरची देठ काढून, वाळवून, कांडून साडेआठ किलो उतरली, तर तिखटाची मिरचीच २३५ रुपये किलो पडते. कांडप आणि मजुरी ५० धरली की २८५. म्हणजे पाकिटात ५७ चं तिखट, वर पिशवी, लेबल, वाहतूक ८. एकूण ६५.

दुकानात ८० ला दिलं की १५ उरतात. बाजारात ८५ ला २० उरतात असं वाटतं; पण गाडीभाडं, बसायची पावती आणि दोघींची दिवसभराची मजुरी मिळून ६०० गेले आणि ६० पाकिटं खपली, तर पाकिटामागे १० तिथंच गेले. उरले १०. दुकानदाराला दुखवून त्याच्यापेक्षा कमीच मिळतंय. १०० ला विकलं तर २५ उरतात, आणि त्याची तक्रारही संपते. छापील किमतीच्या वर मात्र कोणालाच विकता येत नाही, दुकानदारालाही नाही.

एकदम १५ रुपये वाढले तर नेहमीच्या बाया नाराज होतील, हे खरं. त्यांच्यासाठी एक किलोची साधी पिशवी काढा, छापील किंमत ४५०. पाच पाकिटांचे ५०० होतात; पाच पिशव्या आणि लेबलं वाचली म्हणून ५० कमी, हे कोणालाही पटतं. दुकानदारालाही तीच पिशवी ३६० ला द्या. तिच्यात किलोमागे नफा थोडा कमी राहील, तो मान्य करा. बदल नव्या मिरचीच्या मालापासून करा, म्हणजे लेबलही एकदाच छापाल.

ठोक भाव माणूस पाहून देऊ नका, नग पाहून द्या: एकावेळी ५० पाकिटं, रोख, तर ८०. लग्नघरचा माणूस ५० घेत असेल तर त्यालाही ८०. महिन्याच्या उधारीवर ८२. हे कागदावर लिहून बाजारातल्या पालावर लावा.

सगळं फिसकटतं ते गटातूनच. एखादी बाई नात्यात ८० ला पाकीट देते आणि आठवड्यात गावभर होतं. प्रत्येकीला महिन्याला दोन पाकिटं ६५ ला द्या, नोंद ठेवा. तिसऱ्या पाकिटाला १०० च.