उसण गेली, गोळी राहिली

"मॅडम, नवऱ्याच्या पाठीत दोन महिन्यांपूर्वी उसण भरली तेव्हा इथल्या डॉक्टरने रात्री घ्यायला सायक्लोबेन्झाप्रिन दिली होती. ती संपल्यावर भावाने इंडियातून येताना कॅरिसोप्रोडॉलच्या स्ट्रिप्स आणल्या, आता रोज त्यातली घेतो. म्हणतो मसल रिलॅक्संट आहे, झोपेची गोळी थोडीच आहे. सवय लागेल का? आणि आजपासून बंद कर म्हटलं तर चालेल का?"

ताई, शेवटच्याचं आधी सांगते. आज रात्रीच भांडून स्ट्रिप फेकून देऊ नका, दोन महिन्यांतली कॅरिसोप्रोडॉल किती आठवडे आणि रोज किती, यावर सगळं अवलंबून आहे आणि ते डॉक्टरला कळल्याशिवाय एकदम थांबवणं धोक्याचं ठरू शकतं. का ते माझ्याकडच्या एका केसवरून सांगते, त्याची परवानगी घेतलीय, नाव आणि एकदोन तपशील बदललेत.

सुहास, वय ४३, न्यू जर्सीत आयटीत. जानेवारीत ड्राइव्हवेतला बर्फ काढताना फावडं उचललं आणि तिथेच वाकलेला राहिला. अर्जंट केअरमध्ये त्याला सायक्लोबेन्झाप्रिन १० मिलिग्रॅमच्या १४ गोळ्या मिळाल्या, रात्री एक. पहिल्या चार-पाच रात्री खरंच आराम पडला. मग सकाळचं सुरू झालं. जीभ टाळूला चिकटलेली, डोकं कापूस भरल्यासारखं, आणि एक दिवस ऑफिसला जाताना सिग्नलला लाल दिवा असताना त्याचा डोळा लागला, हिरवा झाल्यावर मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा जागा झाला. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं, मला तिसऱ्या सेशनला सांगितलं.

यात त्याचा आळस नव्हता. सायक्लोबेन्झाप्रिन नात्याने अॅमिट्रिप्टिलिनची भावंड आहे, म्हणजे डिप्रेशनच्या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्यांच्या घराण्यातली, आणि ती शरीरातून हळू जाते. निम्मी व्हायला साधारण १८ तास लागतात, कुणाला कमी, वयस्कर माणसाला आणि लिव्हर कमजोर असलेल्याला बरेच जास्त. रात्री ११ ला घेतलेली गोळी सकाळी ७ ला गाडी चालवताना निम्म्याहून बरीच जास्त अंगात असते, आणि त्यावर रात्री दुसरी पडते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुस्ती पहिल्या दिवसापेक्षा जास्त वाटते. सुहासला वाटायचं पाठदुखीने थकलोय. गोळी ५ मिलिग्रॅमचीही येते आणि बऱ्याच जणांना तेवढी पुरते, पण हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

आणि दोन्ही गोळ्यांबद्दल एक गैरसमज असतो की त्या स्नायूवर जाऊन गाठ सोडवतात. तसं नाहीये, दोन्ही काम करतात मेंदू आणि मज्जारज्जूवर. म्हणजे झोप येते हा साइड इफेक्ट बाजूला काढून नुसता पाठीचा फायदा घ्यायचा म्हटलं तर तो निघत नाही. म्हणूनच दोन्हींच्या लेबलवर दोन-तीन आठवड्यांचीच मुदत आहे, त्यापुढे फायदा होतो असा नीट पुरावा नाही आणि उसणही बहुतेक तोवर सुटते.

मार्चमध्ये सासूबाई सांगलीहून आल्या. जावयाची पाठ म्हणून ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून कॅरिसोप्रोडॉल ३५० च्या चार स्ट्रिप्स आणल्या, प्रेमाने आणल्या, त्यात काही वाद नाही. सुहासला ही गोळी फार आवडली. सकाळी डोकं जड नाही, तोंड कोरडं नाही, आणि घेतल्यावर अर्ध्या तासात, त्याच्या शब्दांत, "सगळं एकदम सैल होतं, पाठ पण आणि उद्याची मीटिंग पण". हे वाक्य ऐकल्यावर मी पेन खाली ठेवलं.

कारण कॅरिसोप्रोडॉल स्वतः दोन-तीन तासांत उतरते, पण लिव्हरमध्ये तिचं मेप्रोबामेट होतं. मेप्रोबामेट म्हणजे १९५५ साली अमेरिकेत आलेली, त्या काळी घराघरात गाजलेली आणि नंतर सवय लागते म्हणून मागे पडलेली चिंतेची गोळी. ती १० तासांच्या आसपास टिकते. म्हणजे तुमचे मिस्टर म्हणतात ते अर्धंच खरं आहे, डब्यावर मसल रिलॅक्संट लिहिलंय पण आत जाऊन ती जे बनते ते चिंता घालवणारं, गुंगी आणणारं औषध आहे. याच कारणाने युरोपच्या नियामकांनी २००७ मध्ये ती बाजारातून काढायला सांगितलं आणि अमेरिकेने जानेवारी २०१२ पासून ती नियंत्रित औषधांच्या यादीत, शेड्यूल ४ मध्ये टाकली. (आणि आपल्याकडचंही सांगते, २०२५ च्या फेब्रुवारीत भारत सरकारने टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्यांचं उत्पादन आणि निर्यात बंद केली, पश्चिम आफ्रिकेत त्या नशेसाठी रस्त्यावर विकल्या जात होत्या.)

सुहासची एक गोळी मेमध्ये दोन झाली. कधी एक कॅरिसोप्रोडॉल आणि वर एक जुनी सायक्लोबेन्झाप्रिन, "आज जास्त दुखतंय" म्हणून. शुक्रवारी व्हिस्की. एका शनिवारी बायकोने हलवून हलवून उठवलं तर तो उठेना, श्वास चालू होता पण घोरणं मध्येच थांबायचं. त्या भीतीने दोघं माझ्याकडे आले. मी तिला स्पष्ट सांगितलं की पुन्हा असं झालं, म्हणजे हाक मारून हलवून जागा होत नाही, श्वास संथ किंवा अडकत, ओठ निळसर, तर घरी थांबायचं नाही, ९११. (भारतात असाल तर १०८ किंवा ११२.) माणूस जागा आहे पण जास्त घेतली गेली अशी शंका असेल तर अमेरिकेत पॉयझन कंट्रोल १-८००-२२२-१२२२, चोवीस तास, फुकट.

पहिल्या सेशनला मी एकच काम दिलं. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आण, आणि दहा रात्री वहीत दोनच गोष्टी लिही: पाठ दहापैकी किती दुखतेय आणि गोळी का घेतली. सवय लागली का हे मी कधीच थेट विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं, "छे, मनात आणलं तर उद्या सोडेन".

वही आली. दहातल्या सात रात्री पाठ २ किंवा ३ होती. कारणांच्या रकान्यात "उद्या डेमो", "झोप येईना", "रोजची वेळ झाली", "बायकोशी वाजलं". पाठ हे कारण फक्त दोनदा. आणि सहाव्या रात्री त्याने जिद्दीने गोळी घेतलीच नव्हती. त्या रात्रीपुढे लिहिलं होतं: पाठ ७, छातीत धडधड, हात थरथरतात, तीनला जागा, पाठ परत आली. सातव्या रात्री दोन घेतल्या.

वहीतलं हे एक पान सगळ्यात महत्त्वाचं होतं. पाठीच्या उसणीने हात थरथरत नाहीत, धडधड होत नाही. पाठ परत आली नव्हती, मेप्रोबामेट उतरत होतं, आणि अंग आखडलं की जिथे आधी दुखलं तिथेच पहिलं जाणवतं. पण माणूस अर्थ काढतो की बघ, गोळीशिवाय जमत नाही, म्हणजे दुखणं खरं आहे. हे चक्र असंच चालतं. आणि रोज जास्त डोस बरेच आठवडे घेऊन एकदम थांबवली तर निद्रानाश, उलट्या, थरथर यांपासून भास आणि झटक्यांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून एकदम बंद नको म्हटलं. सायक्लोबेन्झाप्रिनचं तसं नाही, ती बरेच दिवस घेऊन अचानक सोडली तर मळमळ, डोकेदुखी, कसंतरी वाटणं होतं, तरी तिचाही डॉक्टरला विचारूनच शेवट करावा.

पिशवीत अजून एक निघालं, अॅसिडिटीची ओमेप्राझोल, रोज सकाळी. कॅरिसोप्रोडॉलचं मेप्रोबामेट करणारं जे एन्झाइम आहे त्यालाच ती अडवते, मग मूळ औषध अंगात जास्त साचतं आणि गुंगीचा अंदाज चुकतो. काहींच्यात ते एन्झाइम जन्मतःच मंद असतं आणि आशियाई लोकांत हे प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. म्हणजे भावाला एक गोळीने काही होत नाही, म्हणून तुमच्या मिस्टरांना होणार नाही असं नाही.

सुहासचा खरा अडथळा वेगळाच होता. डॉक्टरला सांगायला घाबरत होता. इंडियातून आणलेली, इथे नियंत्रित, पोलिसात देतील का, व्हिसाचं काय होईल. मी त्याला समजावलं की तू पेशंट म्हणून स्वतःच्या गोळ्यांबद्दल सांगतोस ते डॉक्टरकडे गोपनीय राहतं आणि डॉक्टरला त्यात तुला अडकवायचं नसतं, उपचार करायचे असतात. उलट न सांगण्यातच धोका. न्यू जर्सीत प्रिस्क्रिप्शनचं ऑनलाइन रेकॉर्ड असतं, फार्मसीचा कॉम्प्युटर दोन औषधं जमत नसतील तर इशारा देतो, पण सांगलीच्या स्ट्रिपची नोंद कुठल्याच कॉम्प्युटरात नाही. डॉक्टर सायक्लोबेन्झाप्रिन रिफिल करत राहिला कारण त्याच्या स्क्रीनवर तेवढंच होतं. खरं सांगायचं तर मला त्या डॉक्टरचा थोडा रागही आला, तिसऱ्या रिफिलला "पाठ कशी आहे" एवढं तरी विचारायचं.

मग आम्ही तिघं मिळून डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सायक्लोबेन्झाप्रिन बंद केली, स्ट्रिप्स काढून घ्यायला लावल्या, कॅरिसोप्रोडॉल स्वतः मोजून लिहून दिली आणि दर चार-पाच दिवसांनी अर्धी अर्धी कमी केली. हा सुहासचा हिशोब, त्याचं वजन, लिव्हर, डोस बघून ठरवलेला, तुम्ही घरी कॉपी करू नका. व्हिस्की पूर्ण बंद. माझ्याकडे झोपेचं काम: उठायची वेळ पक्की, झोप येत नसेल तर अंथरुणातून बाहेर, तीनला जाग आली तर घड्याळ बघायचं नाही. फिजिओथेरपिस्टने कमरेचे व्यायाम दिले, ते कंटाळत का होईना, केले त्याने. दोन आठवडे झोप वाईटच होती. पाचव्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा लिहिलं, "पाठ ३, गोळी नाही, झोपलो".

तुमच्याकडे आता एवढंच करा. स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजा, भाऊ कधी आला ती तारीख आठवा, त्यावरून रोजची सरासरी काढा. मग डॉक्टरच्या पोर्टलवर मिस्टरांनाच लिहू द्या, तुम्ही नको: "कॅरिसोप्रोडॉल ३५०, रोज रात्री इतक्या, इतके आठवडे, प्रिस्क्रिप्शनशिवाय. आधी सायक्लोबेन्झाप्रिन इतके दिवस. बाकी चालू औषधं ही. दारू आठवड्याला इतकी. बंद करायची आहे, कशी करू?" सोमवारी सकाळी पाठवलं तर बहुतेक त्याच आठवड्यात फोन येतो, आणि तोवर डोस वाढवायचा नाही, दारूसोबत नाही, गोळी घेतल्यावर आणि सकाळी झापड असेल तोवर स्टिअरिंगला हात नाही.