रिले मधे आला तर काय बघायचं?

बेळगावात बसून खानापूरच्या दुकानातला हिशेबाचा कॉम्प्युटर रिमोट डेस्कटॉप टूलने चालवायचा, तर डेटा थेट तिथे जाईलच असं नाही. आधी दोन्ही मशीन टूलच्या सर्व्हरला आपला पत्ता कळवतात आणि थेट जोडायचा प्रयत्न होतो. दोन्हीकडे मोबाईल हॉटस्पॉट असेल तर तो बहुतेक फसतो, कारण कंपनी एकाच पब्लिक आयपीमागे अनेक ग्राहक ठेवते. मग सगळा डेटा रिलेमधून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधून, जातो. तो सर्व्हर सिंगापूरला असला तर माऊस अडखळत चालू शकतो, ही त्याची एक खूण.

रिलेला घाबरू नका. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असेल तर किल्ल्या फक्त दोन टोकांना असतात. रिलेला स्क्रीनवरचं काही दिसत नाही, पण कोण, कधी, किती वेळ जोडलं होतं हे कळतं. नुसतं ‘एन्क्रिप्टेड’ लिहिलेलं पुरत नाही, कारण सर्व्हरवर डेटा उलगडून पुन्हा बंद करणारी टूलही तेच लिहितात.

रस्टडेस्क हे टूल घेतलंत तर जोडल्यावर टॅबवरच्या ढालीवर माऊस न्या. `Relayed and encrypted connection` दिसलं तर काम करा. `unencrypted` दिसलं तर बँकेचं पान उघडू नका. स्वतःचा सर्व्हर लावला असेल तर त्यावरच्या `id_ed25519.pub` फाइलमधली किल्ली दोन्ही मशीनच्या सेटिंगमध्ये भरली आहे का, ते आधी तपासा.