सरद भाताला बियाणे किती? हजार दाण्यांच्या वजनावरून हिशेब

प्रश्न: पेडण्यात आमची थोडी शेती आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर २,४०० चौरस मीटर लागते. यंदा पहिल्यांदाच सरद भात मी स्वतः लावणार आहे, तरवा काढून हातलावणी. कोण हेक्टरी ५० किलो म्हणतो, शेजारचे काका २० किलो घ्याच म्हणतात, आणि नेटवर हजार दाण्यांचे वजन घालून काढायचे सूत्र दिसते. माझे हजार दाणे २७ ग्रॅम भरले. पिशवीच्या खूणचिठ्ठीवर उगवण ८० टक्के लिहिली आहे. नक्की किती बियाणे टाकू?

उत्तर:

साधारण १० किलो. तुमच्या काकांचे २० किलोही हवेतून आलेले नाहीत, त्याकडे पुढे येतो.

पहिल्यांदा क्षेत्र. उताऱ्यावरचे २,४०० चौरस मीटर म्हणजे मेरी, पाण्याचा चर, कोपऱ्यातले माडाचे आळे असे सगळे धरून. भात फक्त चिखलात लागते. टेप घेऊन प्रत्येक कुणगा आतून मोजा, मेरेच्या आतल्या कडेपासून. लहान लहान कुणगे असतील तर मेरींतच बरीच जागा जाते. तुमचे मोजून काय येईल ते मला ठाऊक नाही, मी इथे २,२०० धरतो. तुमचा आकडा वेगळा आला की खालचे सगळे त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

आता किलो थोडा वेळ विसरा आणि रोपे मोजा. शेताला वजन लागत नाही, चूड लागतात, म्हणजे एकेका जागी लावलेले रोपांचे झुबके. २० बाय १५ सेंटीमीटरवर लावणी केली तर एका चुडाला ३०० चौरस सेंटीमीटर जागा मिळते, म्हणजे चौरस मीटरला ३३ च्या किंचित वर चूड. २,२०० चौरस मीटरला ते साधारण ७३,३०० होतात. दर चुडात ३ रोपे धरली तर २ लाख २० हजार रोपे. लावणीच्या दिवशी तरव्यातून एवढी धड रोपे हातात यायला हवीत. नंतर नांग्या भरायला लागणाऱ्या चार पेंड्याही त्यातच आल्या, कारण लावणाऱ्याच्या हातून काही चुडात दोनच जातात.

रोप आणि दाणा यांच्यामध्ये दोन गळत्या आहेत. पहिली उगवणीची: १०० दाण्यांतले ८० च मोड धरतात. दुसरी तरव्यातली: पाखरे, एका जागी ढीग पडलेले बी, पाणी साचून कुजलेले, उपटताना मुळाशी तुटलेले, आणि इतके किरकोळ की लावणाऱ्या बायका स्वतःच बाजूला टाकतात. उगवलेल्यांतली १०० पैकी ७५ वापरायला मिळतात असे धरतो. ०.८० गुणिले ०.७५ म्हणजे ०.६०. याचा अर्थ, तीन रोपांसाठी पाच दाणे. २ लाख २० हजारांना ०.६० ने भागा, साधारण ३ लाख ६७ हजार दाणे आले.

हजार दाण्यांचे वजन कामाला येते ते इथे, शेवटच्या पायरीला, दाण्यांचे किलो करायला. ३६७ हजार गुणिले २७ ग्रॅम म्हणजे सुमारे ९,९०० ग्रॅम. झाले १० किलो. एका ओळीत मांडायचे तर:

```
बियाणे (किलो) = क्षेत्र (चौ.मी.) × चौ.मी. मधली रोपे × हजार दाण्यांचे वजन (ग्रॅम)
               ÷ (उगवण × तरव्यातला टिकाव) ÷ १०,००,०००
```

उगवण आणि टिकाव इथे ०.८० आणि ०.७५ असे लिहायचे. या दोन आकड्यांनी भागायचे असते. घाईत गुणले जाते आणि बियाणे निम्म्याहूनही कमी निघते. दुसरी सवय म्हणजे "२० टक्के उगवत नाही, म्हणून २० टक्के जास्त घेऊ". ८० टक्के उगवणीला २५ टक्के जास्त लागते, आणि उगवण जितकी खाली जाईल तितका हा फरक वाढत जातो.

हे १० किलो हेक्टरी ४५ किलो पडतात. म्हणजे हेक्टरी ५० ची शिफारस चुकीची नाही, तिच्यात असाच हिशेब कोणीतरी जाड दाणा धरून आधीच करून ठेवला आहे. पण दाणा बदलला की ती लटकी पडते. समजा तुम्ही ज्योतीसारखे जाड भात सोडून एखादे बारीक दाण्याचे आणले आणि त्याचे हजार दाणे १८ ग्रॅम भरले. तेवढ्याच रोपांना आता ६.६ किलो पुरतात, हेक्टरी ३०. तुम्ही मात्र पाठ केल्याप्रमाणे हेक्टरी ५० च्या हिशेबाने ११ किलो टाकलेत, तर दाणे ६ लाखांवर जातात आणि चुडाला ५ रोपे येतात. त्याआधी तरवाच दाट होतो: रोपे उंच, पिवळट, काडी सुतासारखी. उपटताना ती तुटतात आणि लावल्यावर पहिल्या जोराच्या सरीला आडवी होतात. मग शेतकरी म्हणतो, जात वाईट.

काकांच्या २० किलोंत काय आहे बघा. तुमच्याच बियाण्याचे २० किलो टाकले तर चुडाला ६ रोपे येतात. आपल्याकडे उक्त्या लावणीत मूठभर रोपे एका जागी खुपसली जातात, ओळ नाही, अंतर नाही, त्यांना तेवढीच लागतात. शिवाय काका घरचे बी वापरत असतील. त्याची उगवण ५५ टक्क्यांवर आलेली असेल तर चुडाला ३ रोपांसाठीसुद्धा साधारण साडेचौदा किलो लागतात. म्हणजे त्यांच्या शेतात त्यांचा आकडा बसतो. तुम्ही दोरी लावून ३ रोपांची लावणी करणार असाल तर तो तुमचा नव्हे. लावणीला येणाऱ्यांना ३ रोपे म्हणजे ३ हे आधीच सांगा, नाहीतर १० किलोंचा तरवा शेवटच्या कुणग्याआधीच संपेल.

खूणचिठ्ठीवरच्या ८० टक्क्यांबद्दल एक गोष्ट. प्रमाणित भात बियाण्याची किमान उगवण ८० टक्के असावी असा नियम आहे, आणि खूणचिठ्ठीवर बहुधा तो किमान आकडाच छापलेला असतो. तुमच्या पिशवीतले बी ९२ टक्के उगवेल किंवा ओलीत पडून ७० वर आले असेल. जूनच्या हवेत उघडी पिशवी पडवीत ठेवली की दाणा ओल ओढून घेतो. १३ टक्क्यांची ओल १६ वर गेली तर हजार दाण्यांचे वजन २७ चे जेमतेम २८ होते. त्याने किलोंत फारसा फरक पडत नाही, उगवण मात्र बसू शकते. म्हणून तरवा पेरायच्या आठ-दहा दिवस आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, रोज शिंपडा, आणि मूळ व कोंब दोन्ही धड आलेले तेवढेच मोजा. बी नुकत्याच काढलेल्या उन्हाळी वायंगणाचे असेल तर काही जाती सुप्तावस्थेत असतात आणि कमी उगवतात. अशा बियाण्याला दोन-तीन आठवडे देऊन पुन्हा बघावे.

दाणे मोजतानाही एक अडचण आहे. तुम्ही पिशवीतून उचलले तसेच मोजले की पोचट काढून? पोचट दाणे हलके. ते धरले तर हजार दाण्यांचे वजन कमी येते, सूत्र कमी किलो सांगते, आणि त्या किलोंत पोचट तर उगवणार नसतात. आधी मिठाच्या पाण्यात बी घाला, १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ. वर तरंगते ते काढा, तळाचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत नीट सुकवा. मग याच बियाण्याचे हजार दाणे तोला आणि याचीच उगवण तपासा. वजन एका ढिगाचे आणि उगवण दुसऱ्याची, असे करू नका. तोलताना १०० दाण्यांचे आठ ढीग करून त्यांची सरासरी दहापट करतात. त्यासाठी सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा हवा. घरच्या एक ग्रॅमच्या काट्यावर हजार दाणे एकदम ठेवा, अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी तुमच्या १० किलोंत २०० ग्रॅमचाच फरक पडतो.

तोलायचे ते सुकेच. भिजवून मोड आणलेले बी चौथाईच्या आसपास जड होते. ओले १० किलो टाकलेत तर खरे ८ च गेले.

यंत्राने लावणी करणार असाल तर हा हिशेब वापरू नका. तिथे ट्रेमध्ये बी किती दाट पडते त्यावर चुडातली रोपे ठरतात आणि यंत्रवाला ट्रे मोजून सांगतो. रहूसाठी मोड आलेले बी थेट चिखलात फेकणार असाल तर सूत्र तेच, पण टिकाव तरव्यातला न धरता शेतातला धरायचा, आणि तो पेरणीनंतर पडणाऱ्या पावसावर फार हलतो.

आता राहिला तो ०.७५. सगळ्या हिशेबात खरा अंदाज हा एकच आहे, बाकी सगळे तुम्ही मोजू शकता. हाही मोजता येतो, फक्त एक पावसाळा उशिरा. तरवा शेताच्या दहाव्या हिश्शात काढतात, तुमचा २२० चौरस मीटर होईल. त्यात ९.९ किलो सारखे फेकले तर चौरस मीटरला ४५ ग्रॅम, म्हणजे साधारण १,६७० दाणे पडतात. उपटायच्या आदल्या दिवशी अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची काठ्यांची चौकट तीन-चार ठिकाणी टाका: एक कडेला, एक मधोमध, एक पाणी साचते तिथे. आतली लावण्याजोगी रोपे मोजा. सरासरी २५० आली तर धरलेला टिकाव बरोबर होता. ३०० आली तर पुढच्या वर्षी ०.७५ च्या जागी ०.९० घाला, सव्वाआठ किलोंत काम होईल. २०० च आली तर यंदा चुडाला सरासरी २.४ रोपे मिळतील. तेव्हा तीनाचा हट्ट सोडून बहुतेक चुडांत दोनच लावा, अंतर तेच ठेवा. वेळेवर, २१ ते २५ दिवसांचा तरवा लावला असेल तर दोन रोपांचा चूडही फुटवे काढून जागा भरतो.