एकाच मैत्रिणीला विचार, गावभर नको

प्रश्न: नागपूरला मिहानमधल्या ऑफिसात एक मुलगी आवडते, पण ती सिंगल आहे की तिचं कुठं जमलंय हे आधी कसं कळणार?

तिच्यासोबत रोज डबा खाणारी जी मैत्रीण आहे, तिलाच एकटीला गाठून सरळ विचार, "तिचं कुठं जमलंय का गं?" इन्स्टावर शोधत बसू नको, कारण आपल्या इकडं पाहण्याचा कार्यक्रम होऊन दोन्ही घरचा होकार आला तरी साखरपुड्यापर्यंत बऱ्याच मुली एक फोटोही टाकत नाहीत, आणि बोटातली अंगठी तर नुसती हौसेचीही असते. मैत्रिणीला विचारायचं नसेल तर ग्रुपचा प्लॅन काढ, "रविवारी सगळे फुटाळ्याला चाललोय, तुला कोणाला सोबत आणायचं असेल तर आण". यात तिला अवघडल्यासारखं होत नाही आणि कोणी असेल तर बहुतेक तिथंच नाव निघतं, "त्याला विचारून सांगते" किंवा "तो पुण्याला असतो ना". पण "मी एकटीच येते" म्हणाली तर त्यावरून सिंगल धरू नको, फक्त त्या दिवशी एकटी येतेय एवढंच कळलं. मैत्रीण "तूच विचार ना तिला" म्हणाली तर तिला अजून खोदू नको, एवढ्यावरून हो-नाही काहीच ठरत नाही, मग त्या मुलीलाच चहाला नेऊन एकदा नीट विचार. आणि हे चार-पाच जणांना विचारत फिरू नको रे, लंचपर्यंत सगळ्या फ्लोअरला कळतं आणि त्रास तिला होतो.